आयएनआर सुटतो, क्रिएटिनिन सुटत नाही

प्रश्न: माझी आई ७९ वर्षांची आहे, येत्या कार्तिकात तिला ८० पूर्ण होतील. वजन ५४ किलो. ठोके अनियमित असल्यामुळे सहा वर्षं रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी घेते, पण रक्त किती पातळ झालं ते दाखवणारा आयएनआर कधी १.६ येतो तर कधी ४.२. दर पंधरा दिवसांनी तालुक्याला रक्त द्यायला न्यावं लागतं. आता डॉक्टर म्हणतात, अ‍ॅपिक्साबॅन सुरू करू, त्याला तपासणी लागत नाही. क्रिएटिनिन १.२ आहे, लॅबवाले नॉर्मल म्हणाले. पण शेजारचे एक काका म्हणतात, या नव्या गोळ्यांवर उतारा नाही, रक्तस्राव झाला तर माणूस हातचा गेला. काय करावं?

उत्तर:

गोळी बदलण्याआधी घरातल्या फाइलमधून एक कागद शोधून काढा: आईंच्या हृदयाच्या इकोचा रिपोर्ट. त्यात झडपांबद्दल काय लिहिलं आहे ते डॉक्टरांना पुन्हा एकदा वाचायला सांगा. धातूची कृत्रिम झडप बसवलेली असेल, किंवा लहानपणीच्या संधिवाताच्या तापामुळे मायट्रल झडप मध्यम किंवा त्याहून जास्त आकसलेली असेल, तर वॉरफरिनच चालू ठेवायचं. धातूच्या झडपा असलेल्या रुग्णांवर डॅबिगॅट्रॅन ही नवी गोळी वापरून पाहणारा अभ्यास मध्येच थांबवावा लागला होता, कारण गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही. संधिवाताच्या तापाने झडपा बिघडलेल्या सुमारे साडेचार हजार रुग्णांचा इन्व्हिक्टस हा अभ्यास २०२२ मध्ये आला. त्यात रिव्हरॉक्साबॅन ही दुसरी नवी गोळी घेणाऱ्यांपेक्षा वॉरफरिनसारख्या जुन्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये मृत्यू कमी झाले. आपल्याकडे आईंच्या वयाच्या कितीतरी बायकांना लहानपणी हा ताप येऊन गेलेला असतो आणि तो कुणाच्या लक्षातही आलेला नसतो. म्हणून मी इको पाहिल्याशिवाय गोळी बदलत नाही.

झडपा ठीक आहेत असं धरून पुढचं लिहितो.

आईंचा आयएनआर असा वरखाली का होतो, हे आधी समजून घ्या. वॉरफरिन रक्तावर थेट काम करत नाही. रक्त गोठवणारे काही घटक यकृतात तयार होतात आणि त्यांना कामाला लावण्यासाठी के जीवनसत्त्व लागतं. वॉरफरिन त्या जीवनसत्त्वाची वाट अडवतं. त्यामुळे आहारात के जीवनसत्त्व वाढलं की गोळीचा जोर कमी पडतो, आणि खाणं कमी झालं किंवा अँटिबायोटिकचा कोर्स झाला की तो वाढतो. श्रावणात रानभाज्या, मेथी, अळू ताटात जास्त येतात तेव्हा आयएनआर घसरलेला आणि आठवडाभर ताप येऊन जेवण तुटलं की चढलेला, हे मी दरवर्षी पाहतो. शिवाय आज डोस बदलला तर त्याचा पूर्ण परिणाम दिसायला चार-पाच दिवस लागतात, कारण रक्तात आधीच तयार असलेले घटक संपेपर्यंत थांबावं लागतं. २ ते ३ च्या पट्ट्यात आयएनआर ठेवायचा म्हणजे जड बैलगाडी अरुंद पुलावरून न्यायची: वळवलेलं चाक उशिरा वळतं.

नव्या गोळ्या रक्त गोठण्याच्या साखळीच्या शेवटच्या टप्प्यावर थेट बसतात. डॅबिगॅट्रॅन गुठळी बनवणाऱ्या थ्रॉम्बिनला पकडतं. अ‍ॅपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन आणि एडॉक्साबॅन त्याच्या आधीच्या दहाव्या घटकाला पकडतात. गोळी घेतल्यावर दोन-चार तासांत पूर्ण परिणाम येतो आणि साधारण बारा तासांत तो निम्म्यावर उतरतो. पालेभाजीशी त्यांचं काही देणंघेणं नाही. एका डोसमागे रक्तात किती औषध राहील याचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो, म्हणून रोजच्या मोजमापाची गरज संपते.

तुमच्या डॉक्टरांनी अ‍ॅपिक्साबॅन निवडलं त्यामागचा मुख्य अभ्यास २०११ चा, नाव अ‍ॅरिस्टॉटल. त्यात १८,२०१ रुग्ण होते, अर्ध्यांना वॉरफरिन आणि अर्ध्यांना अ‍ॅपिक्साबॅन. वर्षभरात वॉरफरिनवरच्या दर शंभरातल्या साधारण तिघांना मोठा रक्तस्राव झाला, अ‍ॅपिक्साबॅनवर दोघांना. मेंदूत रक्तस्राव होऊन येणारा झटका तर निम्म्यावर आला. वॉरफरिनवरच्या माणसाच्या बाबतीत मला रात्री झोपेतून उठवणारी गोष्ट हीच असते, पोटातला रक्तस्राव नव्हे. गुठळीमुळे येणारा अर्धांगवायू रोखण्यातही अ‍ॅपिक्साबॅन मागे पडलं नाही, थोडं पुढेच राहिलं.

एक सावधगिरीची बाजूही आहे. नेदरलँड्समध्ये ७५ च्या पुढच्या, अंगाने खचलेल्या आणि जुन्या गोळीवर नीट चाललेल्या रुग्णांपैकी काहींना नव्या गोळीवर आणून पाहिलं गेलं. फ्रेल-एएफ नावाचा हा अभ्यास २०२३ मध्ये आला आणि गोळी बदललेल्यांमध्ये रक्तस्राव कमी होण्याऐवजी वाढलेला दिसला. त्यामुळे आयएनआर वर्षानुवर्षं २.३, २.५, २.४ असा येणाऱ्या, काठी टेकत चालणाऱ्या आजींची गोळी मी 'नवीन चांगली' एवढ्या कारणावर बदलत नाही. तुमच्या आईंचं तसं नाही. १.६ वर असताना गुठळीपासून पुरेसं संरक्षण नसतं आणि ४.२ वर रक्तस्रावाचा धोका वाढलेला असतो. त्यांच्यासाठी बदल करण्यासारखा आहे. फक्त गोळ्या चुकत असल्यामुळे आकडा हलतोय का, हे आधी घरात नीट विचारा. तसं असेल तर नवी गोळी जास्त अडचणीची ठरते. वॉरफरिनचा एक डोस चुकला तरी परिणाम दोन-तीन दिवस रेंगाळतो, अ‍ॅपिक्साबॅनचे लागोपाठ दोन चुकले की दिवसभरात संरक्षण जवळजवळ संपतं.

आता लॅबने नॉर्मल म्हटलेल्या त्या १.२ कडे येऊ. तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा मला हाच वाटतो.

क्रिएटिनिन स्नायूंतून येतं आणि किडनी ते बाहेर टाकते. ज्याच्या अंगावर स्नायू भरपूर, त्याच्या रक्तात ते जास्त तयार होतं. ५४ किलोच्या ७९ वर्षांच्या बाईंकडे स्नायू थोडे, म्हणून ते तयारच कमी होतं. किडनी बरीच मंदावली तरी आकडा १.२ च्या पुढे जात नाही आणि रिपोर्टवर लाल खूण उमटत नाही. यासाठी एक जुनं सूत्र वापरतात, १९७६ चं, कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट या दोघांच्या नावाचं. १४० मधून वय वजा करा, त्याला किलोतल्या वजनाने गुणा, आलेल्या संख्येला क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागा, आणि रुग्ण स्त्री असेल तर शेवटी ०.८५ ने गुणा.

आईंचं गणित असं होतं. १४० वजा ७९ म्हणजे ६१. ६१ गुणिले ५४ म्हणजे ३,२९४. खाली ७२ गुणिले १.२ म्हणजे ८६.४. भागाकार ३८ च्या आसपास, त्याला ०.८५ ने गुणल्यावर ३२. म्हणजे किडनी मिनिटाला जेमतेम ३२ मिलिलिटर रक्त क्रिएटिनिनपासून साफ करते. हाच १.२ आकडा ४० वर्षांच्या, ७५ किलोच्या पुरुषाचा असता तर उत्तर ८७ आलं असतं. कागदावर दोघंही नॉर्मल.

लॅबच्या रिपोर्टवर बऱ्याचदा ईजीएफआर नावाचा किडनीच्या कामाचा आकडा छापून येतो. तो वेगळ्या सूत्राने काढलेला असतो आणि त्यात वजन धरलेलं नसतं. आईंच्या बाबतीत तो ४६ च्या आसपास येईल. ३२ आणि ४६ यातला फरक डोस बदलण्याइतका मोठा आहे. या गोळ्यांचे मोठे अभ्यास कॉकक्रॉफ्ट-गॉल्टवर आधारले होते आणि पाकिटातल्या माहितीपत्रकातले डोसही त्यावरच बेतलेले आहेत, म्हणून आपणही तेच वापरायचं. बारीक अंगाच्या म्हाताऱ्या माणसांत छापील ईजीएफआर बहुधा परिस्थिती आहे त्याहून बरी दाखवतो.

किडनीला एवढं महत्त्व का, तर चारही गोळ्या कमी-अधिक प्रमाणात तिच्याच वाटेने बाहेर पडतात. डॅबिगॅट्रॅनचा जवळजवळ ८० टक्के भाग किडनीतून जातो, एडॉक्साबॅनचा साधारण निम्मा, रिव्हरॉक्साबॅनचा सुमारे एक तृतीयांश आणि अ‍ॅपिक्साबॅनचा जेमतेम पाव. ३२ वर असलेल्या माणसाला मी डॅबिगॅट्रॅन देत नाही. युरोपात ३० च्या खाली ते निषिद्ध आहे, आणि ३२ वरून ३० खाली यायला एक जुलाबाचा दिवस पुरतो. रिव्हरॉक्साबॅन द्यायचं तर २० ऐवजी १५ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा आणि जेवणासोबतच, रिकाम्या पोटी ते नीट शोषलं जात नाही. एडॉक्साबॅन ६० ऐवजी ३०. उरलं अ‍ॅपिक्साबॅन, आणि आईंसाठी तेच सगळ्यात सोयीचं आहे.

अ‍ॅपिक्साबॅनचा नियम मात्र इतरांपेक्षा वेगळा आहे आणि चुका इथेच होतात. नेहमीचा डोस ५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. तो निम्मा, म्हणजे २.५ मिलिग्रॅम दोनदा, तेव्हाच करायचा जेव्हा तीनपैकी किमान दोन गोष्टी लागू होतात: वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त. आईंना आज यातली एकच लागू होते, वजन. म्हणून त्यांचा डोस आज पूर्ण आहे, ५ मिलिग्रॅम सकाळी आणि ५ संध्याकाळी. युरोपातल्या माहितीपत्रकात आणखी एक अट आहे: वरच्या सूत्राने उत्तर १५ ते २९ च्या मध्ये आलं, तर इतर काही न पाहता २.५ द्यायचं. आई ३२ वर आहेत, त्या रेषेच्या जरा वर.

तुम्हाला कुणी ना कुणी सांगेल की एवढ्या बारीक बाईला ५ कशाला, २.५ पुरे. सांगणारा काळजीपोटीच सांगतो, आणि मीही सुरुवातीच्या वर्षांत असं केलं आहे. पण नियमात न बसताना डोस कमी केला तर गुठळीपासूनचं संरक्षण कमी होतं, आणि रक्तस्राव त्या प्रमाणात कमी होतो असं दिसलेलं नाही. माझ्या एका रुग्णाला मी असाच 'सांभाळून' २.५ वर ठेवलं होतं. वय ७४, वजन ६६, क्रिएटिनिन १.३, म्हणजे तीनपैकी एकही अट लागू नव्हती. आठ महिन्यांनी त्यांची उजवी बाजू आणि वाचा गेली. पूर्ण डोसवर ते टळलंच असतं असं मी म्हणू शकत नाही, पण त्यानंतर मी मनाच्या भीतीवरून डोस ठरवणं बंद केलं.

आता 'तपासणी लागत नाही' याबद्दल. आयएनआर लागत नाही, हे खरं. इतकंच नाही, अ‍ॅपिक्साबॅनवर असताना तो करूच नका, कारण त्याचा आकडा दिशाभूल करतो. गोळी पूर्ण काम करत असताना आयएनआर १.१ किंवा १.२ येऊ शकतो. मग दुसरीकडे दाखवायला गेल्यावर कुणीतरी 'रक्त पातळच झालेलं नाही' म्हणून जुनी गोळीही सोबत सुरू करतं. एकाच वेळी दोन्ही गोळ्या चालू असलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

आयएनआरच्या जागी क्रिएटिनिन येतं. किती दिवसांनी तपासायचं यासाठी साधा हिशोब आहे: किडनीचा आकडा ६० च्या खाली असेल तर त्याला १० ने भागा, येतील तितक्या महिन्यांनी एकदा. आईंचे ३२, म्हणजे दर तीन महिन्यांनी. त्याच सुईत हिमोग्लोबिनही करा. ते मागच्या वेळेपेक्षा २ ग्रॅमने उतरलं तर शौच काळी होते का हे विचारा, पोटात हळूहळू रक्त झिरपत असेल तर पहिली खूण बहुधा तीच असते. वर्षातून एकदा यकृताच्या तपासण्या, आणि प्रत्येक वेळी काट्यावर वजन. पंधरा दिवसांच्या सहा खेपांऐवजी तीन महिन्यांनी एक खेप, एवढाच बदल आहे.

वेळापत्रकाबाहेर लगेच तपासायचे काही प्रसंग असतात. दोन दिवसांच्या वर जुलाब-उलट्या, जेवणपाणी तुटलेला ताप, लघवी कमी होणं, दवाखान्यात दाखल होऊन घरी येणं. आणि गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखी औषधं दोन्ही बाजूंनी घात करतात: पोटात जखम करून रक्तस्रावाला वाट देतात, आणि किडनी मंद करून रक्त पातळ करणारी गोळी शरीरात साठवतात. दुखत असेल तर पॅरासिटामॉल द्या.

हे कसं घडतं ते माझ्याकडच्या एका रुग्णावरून सांगतो. वय ७६, वजन ५८ किलो, शेतकरी माणूस, दुसऱ्या गावी कुणीतरी डॅबिगॅट्रॅन १५० दोनदा सुरू करून दिलेलं. तेव्हाचं क्रिएटिनिन १.१. सूत्राने उत्तर ४७ येत होतं, म्हणजे डोस चूक नव्हता. त्यांनाही सांगितलं गेलं होतं की तपासणी लागत नाही, आणि पुढचे चौदा महिने कुणी क्रिएटिनिन पाहिलंच नाही. मे महिन्यात गुडघे दुखले म्हणून दहा दिवस डायक्लोफिनॅक घेतलं, त्यात तीन दिवस जुलाब-उलट्या. गोळी मात्र त्यांनी इमानाने दोन्ही वेळा घेतली. चौथ्या दिवशी डांबरासारखी काळी शौच सुरू झाली आणि चक्कर येऊन पडले, तेव्हा माझ्याकडे आणलं.

हिमोग्लोबिन ७.१, क्रिएटिनिन ३.४. सूत्रात घातलं तर किडनी १५ वर, पण क्रिएटिनिन वेगाने चढत असताना सूत्र खरी परिस्थिती दाखवत नाही, प्रत्यक्षात ती आणखी खाली असते. एरवी बारा-चौदा तासांत निम्म्यावर येणारं डॅबिगॅट्रॅन अशा किडनीत दिवसभर उलटून गेलं तरी निम्मं होत नाही, आणि यांच्या पोटात तर तीन दिवस नवी भर पडत होती. थ्रॉम्बिन टाइम नावाची चाचणी लावली, त्यात रक्त गोठलंच नाही. या चाचणीचा उपयोग असा की ती नॉर्मल आली तर अंगात डॅबिगॅट्रॅन उरलेलं नाही असं खात्रीने म्हणता येतं.

डॅबिगॅट्रॅनवर नेमका उतारा आहे. इडॅरुसिझुमॅब त्याचं नाव, अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली. ही एक प्रतिपिंडाची तुकडी आहे. डॅबिगॅट्रॅन थ्रॉम्बिनला जितकं घट्ट धरतं, त्याच्या सुमारे ३५० पट घट्ट ते या तुकडीला चिकटतं, त्यामुळे थ्रॉम्बिन मोकळं होतं. डोस ठरलेला: अडीच ग्रॅमच्या दोन बाटल्या शिरेतून, एकूण ५ ग्रॅम, परिणाम काही मिनिटांत. आमच्याकडे ते नव्हतं. मोठ्या शहरातून गाडीने यायला पाच तास लागले. तोवर रक्त चढवलं आणि सलाईनने किडनीला पाणी दिलं. औषध मिळाल्यावर रक्त गोठायला लागलं आणि एंडोस्कोपीत जठरातली जखम बंद करता आली. पण दुसऱ्या दिवशी गोठण्याच्या चाचण्या पुन्हा बिघडल्या. पेशींमध्ये साठलेलं डॅबिगॅट्रॅन हळूहळू रक्तात परत येत होतं आणि किडनी ते बाहेर टाकत नव्हती. मग डायलिसिस केलं. ते किडनीसाठी लागणारच होतं, आणि डॅबिगॅट्रॅन डायलिसिसने निघतंही. अ‍ॅपिक्साबॅन आणि रिव्हरॉक्साबॅन रक्तातल्या प्रथिनांना चिकटून राहतात, म्हणून ती तशी निघत नाहीत. ते वाचले. पण उतारा हाताशी आल्यावरही शेवटी प्रश्न किडनीपाशीच येऊन थांबला, हे मी विसरलेलो नाही.

आता शेजारच्या काकांचं म्हणणं. दहा-बारा वर्षांपूर्वी ते बरोबर होतं. आज तसं म्हणता येत नाही, पण अ‍ॅपिक्साबॅनपुरतं उत्तर डॅबिगॅट्रॅनइतकं सरळही नाही.

अ‍ॅपिक्साबॅन आणि रिव्हरॉक्साबॅनसाठी अँडेक्सानेट अल्फा नावाचं औषध निघालं, अमेरिकेत २०१८ मध्ये मान्य झालं, पण २०२५ च्या अखेरीस तिथली विक्री बंद झाली. ते दहाव्या घटकाचं सोंग घेतं, गोळी त्याला जाऊन चिकटते आणि खरा घटक सुटतो. मेंदूतल्या रक्तस्रावात त्याची नेहमीच्या उपचारांशी तुलना झाली तेव्हा रक्ताचा डाग वाढणं जास्त वेळा थांबलं, पण नव्या गुठळ्याही वाढल्या: नेहमीच्या उपचारांत ५.६ टक्के, अँडेक्सानेटवर १०.३ टक्के. आपल्याकडच्या जिल्ह्याच्या ठिकाणी ते मिळेल अशी आशा धरून बसू नका. प्रत्यक्षात आम्ही वापरतो ते प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स, डॉक्टरांच्या बोलण्यात पीसीसी. दान केलेल्या रक्तातून काढलेले गोठवणारे घटक त्यात दाट करून भरलेले असतात. वजनाच्या किलोमागे २५ ते ५० युनिट देतात. हा गोळीला पकडणारा उतारा नव्हे. गोळीने अडवलेल्या साखळीत वरून आणखी कच्चा माल ओतून गोठणं रेटायचं, असं त्याचं काम आहे. बहुतेक वेळा ते पुरतं. के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन या गोळ्यांवर काहीच करत नाही, आणि नुसता प्लाझ्मा चढवून विशेष फायदा होत नाही. हे दोन्ही उपाय सवयीने केले जातात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

वॉरफरिनला उतारा आहे, हे खरंच. के जीवनसत्त्व शिरेतून दिलं की परिणाम दिसायला काही तास जातात, पूर्ण उतरायला बहुधा दिवस लागतो. घाई असेल तर तिथेही पीसीसीच द्यावं लागतं. म्हणजे मेंदूत रक्तस्राव होऊन रात्री दोन वाजता आलेल्या माणसासाठी दोन्हीकडे फ्रिजमधून काढायची बाटली बहुतेक तीच असते. आणि अ‍ॅरिस्टॉटल अभ्यास झाला तेव्हा अ‍ॅपिक्साबॅनवर कोणताच नेमका उतारा नव्हता, वॉरफरिनवर मात्र होता. तरीही मोठे रक्तस्राव अ‍ॅपिक्साबॅनच्या बाजूला कमी झाले. काकांना हे सांगा, त्यांची शंका चुकीची नव्हती.

अ‍ॅपिक्साबॅनचा सर्वांत भरवशाचा उतारा म्हणजे गेलेला वेळ. शेवटची गोळी घेऊन २४ तास झाले असतील तर बराचसा जोर ओसरलेला असतो, आईंच्या किडनीवर थोडा जास्त काळ धरायचा. त्यामुळे इमर्जन्सीत आमचा पहिला प्रश्न 'शेवटची गोळी किती वाजता घेतली?' हा असतो, आणि सोबत आलेल्याला ते बहुधा सांगता येत नाही. आईंच्या पाकिटात किंवा मोबाइलच्या कव्हरमध्ये एक चिठ्ठी ठेवा: गोळीचं नाव, डोस, घेण्याच्या दोन वेळा, वजन, शेवटचं क्रिएटिनिन आणि तारीख. गोळी दोन तासांच्या आत घेतलेली असेल तर पोटातलं औषध शोषून घेणारी कोळशाची पूड देता येते, म्हणूनही वेळ महत्त्वाची. पडून डोक्याला मार लागला तर आई हसतबोलत असल्या तरी सीटी स्कॅन करून घ्या.

नाकातून थोडं रक्त किंवा हिरड्यांतून येणं याला यातलं काही लागत नाही. दाबून धरा, फार तर एक डोस उशिरा द्या, तोही डॉक्टरांना विचारून.

बदल कसा करायचा तेही सांगतो, कारण चुका याच आठवड्यात होतात. वॉरफरिन बंद करायचं, दोन-तीन दिवसांनी आयएनआर पाहायचा, आणि तो २ च्या खाली आला की त्याच दिवशी अ‍ॅपिक्साबॅन सुरू. दोन्ही गोळ्या एका दिवशी घ्यायच्या नाहीत. वॉरफरिनच्या उरलेल्या पट्ट्या घरातून काढून टाका, कपाटात 'असू दे' म्हणून ठेवू नका. संध्याकाळची गोळी विसरली आणि सहा तासांच्या आत आठवलं तर घ्या, त्यानंतर आठवलं तर सोडून द्या आणि पुढची वेळेवर, दुप्पट नाही. पट्टी संपायच्या आठवडाभर आधी नवी आणा. वॉरफरिन संपून दोन दिवस झाले तरी निभावतं, हिच्यात दोन दिवस म्हणजे पूर्ण उघडं पडणं.

दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरांनी औषध लिहिलं तर या गोळीचं नाव त्यांना सांगा. क्षयरोगाच्या उपचारातलं रिफाम्पिसिन आणि फिट्सवरचं फेनिटॉइन अ‍ॅपिक्साबॅनला रक्तातून झपाट्याने कमी करतात, गोळी घेऊनही गुठळी होऊ शकते. उलट नायट्यासाठी हल्ली सर्रास लिहिलं जाणारं इट्राकोनॅझोल त्याचं रक्तातलं प्रमाण वाढवतं. नायट्यासाठी आईंना मलम चालेल, ती कॅप्सूल नको.

राहिलं कार्तिकाचं. आईंना ८० पूर्ण झाल्यावर वय आणि वजन अशा दोन अटी लागू होतील, आणि क्रिएटिनिन अगदी १.२ वरच असलं तरी डोस २.५ मिलिग्रॅम दोनदा होईल. मधल्या काळात क्रिएटिनिन १.५ ला पोहोचलं तर तो बदल आधीच करावा लागेल. वाढदिवसाच्या आठवड्यात वजन आणि रक्त तपासून डॉक्टरांकडे जा, नवीन चिठ्ठीवर २.५ लिहिलंय ना ते तिथेच वाचा, आणि घरी येऊन ५ च्या उरलेल्या गोळ्या मेडिकलवाल्याला परत देऊन टाका. पाकिटातली जुनी चिठ्ठीही त्याच दिवशी बदला.